चौथ्या दिवशी उघडलेला निकाल

माझा धंदा लोकांना सांगता येत नाही. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी बसते आणि लोकांच्या जाहिराती मोबाईलवर चालवते. आंबेवाले, काजूवाले, क्लासवाले, एक दातांचा डॉक्टर, एक सोफ्याचं दुकान. बाहेर पाटी आहे, पण ती वाचून कोणी आत येत नाही. येतात ते कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि आल्याबरोबर विचारतात, "मॅडम, दोन दिवसांत कळेल ना?"

नाही कळत. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आता ते तोंडातून बाहेर पडताना मलाच कंटाळा येतो.

एक आंबेवाले काका आहेत. भला माणूस, पेटीत कधी एक फळ हलकं घालणार नाही. त्यांनी एका हंगामात पहिली जाहिरात बंद करून दुसरी लावायला सांगितली. दुसरीत फोटो वेगळा, मथळा वेगळा, घरपोच मोफत असं नवीन लिहिलेलं, आणि पुण्याबरोबर नाशिकही जोडलेलं. चौकशा वाढल्या. काका म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो, मागे पिवळा रंग हवा." आता पिवळ्यामुळे वाढल्या, मोफतमुळे, नाशिकमुळे, की अक्षय तृतीया जवळ आली म्हणून, हे परमेश्वरालाही सांगता आलं नसतं. मी आता दरवर्षी मागे पिवळा रंग लावते.

ज्यांना खरंच शिकायचं असतं त्यांना मी एक गोष्ट सांगते. दोन जाहिराती करायच्या, त्यांत एकच गोष्ट वेगळी ठेवायची. फोटो बदलायचा तर अक्षरही हलवायचं नाही. दोन्ही एकाच वेळी चालवायच्या, आज ही आणि पुढच्या आठवड्यात ती असं नाही. आणि माणसं अशी वाटायची की ज्याला एक दिसली त्याला दुसरी दिसता कामा नये. एवढं केलं की फरक पडला तर तो फोटोमुळे पडला असं म्हणायला जागा राहते.

मग येतो सगळ्यात अवघड भाग, थांबायचा. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण तो भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो. माणसं तशी शिजत नाहीत. पहिल्या दोनशे माणसांत एका जाहिरातीला चार चौकशा आल्या आणि दुसरीला एक, म्हणून पहिली चौपट चांगली ठरत नाही. उद्या उलटं होईल. म्हणून किती माणसांना दाखवल्यावर बघायचं ते आधीच ठरवायचं, कागदावर लिहायचं, आणि तोवर हात बांधून बसायचं. मी गिऱ्हाइकाकडून त्या कागदावर सही घेते. लोक हसतात. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा कागदांची जाडजूड फाईल आहे, आणि तिच्यात एक कागद माझ्या भावाचा आहे.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत फिटर. सोळा वर्षं त्याने सहा महिने पाण्यावर आणि तीन-चार महिने घरी असं काढलं. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला वडिलांची थोडी कातळाची जमीन होती, तिथे त्याने चार खोल्या बांधल्या. भावजय जेवण करते, खोल्या बघते. शनिवार-रविवार खोल्या भरायच्या, सोमवारी रिकाम्या व्हायच्या. त्या वर्षी दिवाळीला तो घरी आला आणि बोलला, "ताई, आता नाय जावंसं वाटत गो." माझा भाऊ फार बोलणारा नाही. इंजिनच्या आवाजात राहून त्याची बोलायची सवयच गेली आहे. तेवढं वाक्य त्याने म्हटलं आणि पुन्हा पोहे खायला लागला.

मला त्या रात्री झोप आली नाही म्हटलं तर खोटं होईल, मी चांगली झोपले. पण सकाळी उठल्या उठल्या तेच आठवलं. आईवडील गेल्यापासून माझं म्हणावं असं तेवढंच घर आहे. तो बोटीवर असला की भावजय आणि मी फोनवर एकमेकींना वादळाच्या बातम्या सांगत नाही, दोघींनी वाचलेल्या असल्या तरी. तो घरी राहावा असं मला वाटत होतं. अगदी स्वच्छ, लहान मुलासारखं वाटत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

आम्ही तिघं बसलो. त्याची जाहिरात मीच चालवत होते, व्हरांड्यातून दिसणाऱ्या समुद्राच्या फोटोची. ती बघणाऱ्या शंभर माणसांत साधारण एक जण व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी करायचा. त्या चौकशांवर शनिवार-रविवार भरत होते. बोटीचा पगार सोडून घर चालायचं तर मधले वारही भरायला हवेत, आणि त्यासाठी तेवढ्याच माणसांतून दीडपट चौकशा यायला हव्यात, असा हिशेब भावजयीने मांडला. ती कॉमर्सची पदवीधर आहे, तिच्या आकड्यात मी बोट घालत नाही.

"समुद्र काय सगळ्यांचाच असतो," ती म्हणाली. "इथे प्रत्येक खोलीवाल्याचा फोटो समुद्राचा. आपल्या जेवणाचा टाकून बघूया का?"

ताटाचा फोटो तिनेच काढला. केळीच्या पानावर घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात-वरण, सोलकढीची वाटी आणि उकडीचे दोन मोदक. तूप मोदकावरून ओघळत होतं त्या क्षणाला काढलेला. फोटो चांगला होता, मी बघताना जेवले नव्हते म्हणून नव्हे.

मी कागद काढला. बदल एकच, फोटो. मजकूर तोच, बटण तेच, माणसं तीच, म्हणजे पुणे, कोल्हापूर, मुंबईची घरसंसारी. मोजायचं काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चौकशी. लाईक नाही, नुसतं बघणं नाही. शंभरात एकाची दीड होते की नाही हे भरवशाने कळायला प्रत्येक फोटो आठ हजार माणसांना दाखवायला लागणार होता. यापेक्षा लहान फरक शोधायचा असता तर आणखी कितीतरी माणसं लागली असती. फरक जेवढा बारीक तेवढी माणसं जास्त. आमच्या खर्चाच्या वेगाने आठ हजारांना दोन आठवडे लागणार होते. मला तेच हवं होतं, कारण दोन पूर्ण आठवडे म्हणजे दोन शनिवार, दोन सोमवार, सगळे वार सारखे. निकाल चौदाव्या दिवशी संध्याकाळी. त्याआधी कोणी बघायचं नाही.

भावाने सही केली. त्याला हे पटतं. बोटीवर दर पाळीला तापमान, दाब, तेल असे सगळे आकडे वहीत उतरवायचे असतात, काटा दाखवेल तेच. "काटा आवडला नाय म्हणून दुसरा आकडा लिहिला तर बोट बुडते," असं तो एकदा म्हणाला होता. भावजयीने कागदाचा फोटो काढून फ्रीजवर चिकटवला.

सोमवारी जाहिराती सुरू झाल्या. मी माझ्या शपथेला जागून सोमवार, मंगळवार, बुधवार त्या पानावर गेले नाही. दातांच्या डॉक्टरचं काम केलं.

गुरुवारी दुपारी भावाचा फोन. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटने त्याला महिनाअखेरपर्यंत सांग असं म्हटलं होतं. आता तोच एजंट शनिवारी उत्तर मागत होता. चांगली बोट, ओळखीचा चीफ इंजिनियर, सहा महिन्यांचा करार. नको असेल तर दुसऱ्याला देतो म्हणाला.

"मग काय करू?" भावाने विचारलं.

यावर उत्तर एकच होतं. आपली चाचणी चौदाव्या दिवशी संपते, आज चौथा दिवस आहे, मला माहीत नाही. एवढं बोलले असते तर बरं झालं असतं. रोज गिऱ्हाइकांना बोलतेच की. पण फोनवर भावाच्या मागे पंपाचा आवाज येत होता, आणि मी म्हटलं, "थांब, बघून सांगते."

मी पान उघडलं. प्रत्येक फोटो साधारण तेवीसशे माणसांनी पाहिला होता. समुद्राला एकोणीस चौकशा. ताटाला छत्तीस.

मी दोनदा वाचलं. जवळजवळ दुप्पट. खाली पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं की ताटवाली जाहिरात पुढे आहे आणि हा फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता फार कमी आहे. त्या हिरव्या अक्षरांबद्दल मी आजवर किती जणांना खडसावलं आहे त्याची गणती नाही. तो आकडा तेव्हाच खरा, जेव्हा तुम्ही ठरलेल्या दिवशी एकदाच बघता. रोज डोकावलं आणि आवडेल त्या दिवशी थांबलं, तर दोन अगदी एकसारख्या जाहिरातींतही कधी ना कधी एक जिंकलेली दिसते. नाणं उडवणाऱ्याने आपण पुढे असताना उठून जावं, तसं. हे सगळं मला येत होतं. पाठ होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणून मी लोकांना हसते, आणि त्या गुरुवारी बाशिंग माझ्याच गुडघ्याला होतं.

मी त्याला फोन केला. "ताट जिंकलं," म्हटलं. "दुप्पट जवळजवळ. तुम्हाला दीडपटच हवी होती."

तो म्हणाला, "नक्की?"

"नक्की."

आयुष्यात मी बरेच खोटे शब्द वापरले असतील, धंदाच तसा आहे. पण हा एक शब्द मला अजून टोचतो.

"बरं," तो म्हणाला. संध्याकाळी त्याने एजंटला नाही म्हणून कळवलं. भावजयीने मला नुसतं एक मोदकाचं चित्र पाठवलं.

आता माझं मलाच एक कळत नाही. मी चाचणी बंद केली नाही. विजेता ठरला म्हटल्यावर हरलेली जाहिरात बंद करतात आणि सगळा खर्च जिंकलेलीवर टाकतात. माझा हात त्या बटणावर गेला नाही. कागदावर चौदा दिवस लिहिले होते, सही होती. मी ती चालू ठेवली आणि स्वतःला सांगितलं की विसरले.

पुढच्या मंगळवारी मी आरे-वारेच्या वळणांनी त्यांच्याकडे गेले. भाऊ टाकीपाशी पंप उघडून बसला होता. भावजय स्वयंपाकघरात होती, आणि खोल्यांचा मोबाईल, ज्यावर सगळ्या चौकशा येतात, तो ओट्यावर होता. फोन वाजला, तिचे हात पिठाचे होते. ती म्हणाली, "ताई, बघा जरा कोण आहे."

बघितलं. चौकशी नव्हती, गॅसवाला होता. पण फोन हातात होताच म्हणून मी मागे मागे सरकत गेले. जाहिरातीवरून आलेल्या प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर ती जाहिरात दिसते, समुद्र किंवा ताट. ताट, ताट, ताट. आणि खाली नावं. अनोळखी नंबर नव्हते ते. सेव्ह केलेली नावं होती. मोठी काकी मुंबई. आत्ये डोंबिवली. वाडी मंडळ खजिनदार. भजनी बुवा. विरारवाली मावशी. सगळ्यांनी बटण दाबल्यावर आपोआप येणारा तोच संदेश पाठवलेला, "नमस्कार, खोली मिळेल का?" आणि त्याखाली कुणी हात जोडलेले, कुणी नारळ, कुणी "खूप शुभेच्छा."

"हे काय गं?" मी विचारलं.

तिने फोनकडे पाहिलं आणि हसली. "ते होय? आपल्या मोठ्या काकीला मुंबईत दिसली ना जाहिरात, पहिल्याच दिवशी. माझ्या हातचं ताट, ओळखलंन तिने पानावरूनच. तिने टाकली वाडीच्या ग्रुपवर. म्हणालीन, आपल्या सुनेचा धंदा आहे, सगळ्यांनी दाबा, बोहनी करा. केली बिचाऱ्यांनी."

आमच्याकडे कोणी नवीन दुकान उघडलं की आपली माणसं पहिल्या दिवशी जाऊन काहीतरी घेतातच, गरज असो नसो. दुकानदाराची बोहनी व्हावी म्हणून. मंडळी मुंबईत असली तरी रीत सुटत नाही. त्यांनी ती मोबाईलवर पाळली. त्यांना खोली नको होती, गणपतीला ती स्वतःच्या घरीच येतात. त्यांनी माया केली होती, आणि माझ्या पडद्यावर त्या मायेच्या चौकशा झाल्या होत्या.

समुद्र कोणी ग्रुपवर टाकला नव्हता. समुद्राचं कुणाला काय कौतुक.

मी पाटावर बसून मोजले. पहिल्या चार दिवसांतल्या ताटाच्या छत्तीसपैकी सोळा आपली माणसं. समुद्राच्या एकोणीसमध्येही एक निघालं, माझाच एक वर्गमित्र. नियम दोघांना सारखा लावायचा म्हणून तेही काढलं. उरले वीस आणि अठरा.

वीस आणि अठरा म्हणजे काहीच नाही. वीस आणि अठरावर मी सोफ्याच्या दुकानदारालाही कापडाचा रंग बदलू दिला नसता.

भावजयीला माझ्या तोंडाकडे बघून कळलं. तिने हात धुतले. "मी विचारायला हवं होतं का?" ती म्हणाली. मी नाही म्हटलं. तिची काय चूक. चार दिवसांत मी एकदा हा फोन उघडून बघितला असता तर तिथेच दिसलं असतं. मी पडद्यावरचा आकडा बघितला, कारण तो आकडा मला आवडला होता.

मी भावाला लगेच सांगितलं नाही. भित्रेपणा होता तो, पण मी त्याला शिस्तीचं नाव दिलं. चौदा दिवस होऊ देत, म्हटलं. काकीला फोन करून ग्रुपवर आणखी दाबू नका म्हणायला लावलं. त्यांना वाईट वाटलं असावं. सगळं नव्याने सुरू करावं असंही मनात आलं, पण आपली माणसं फोनवरून ओळखता येत होती आणि दोन्हीकडून काढता येत होती, म्हणून तेच पुढे नेलं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी खोलीचं दार लावून बसले. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. दोन्हीकडे आठ हजार माणसं पुरी झाली होती. आपली माणसं वजा करून समुद्राला त्र्याऐंशी, ताटाला अठ्ठ्याऐंशी. फक्त नंतरचे दहा दिवस, म्हणजे बोहनीची गर्दी ओसरल्यावरचे, वेगळे काढून बघितले. पासष्ट आणि अडुसष्ट. तेच. ताटाला दीडपट व्हायला एकशेवीस-पंचवीसच्या घरात जायला हवं होतं. ते कुठेच नव्हतं. ताट थोडं बरं असेलही, पण तेवढा बारीक फरक ही चाचणी सांगू शकत नव्हती, आणि तेवढ्या फरकाने मधले वार भरणार नव्हते. विजेता नाही, असं मी कागदावर लिहिलं. खाली तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी गेले. भाऊ व्हरांड्यात खुर्ची दुरुस्त करत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बोहनी, सोळा माणसं, त्र्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. सांगताना माझा आवाज चढला, जणू त्याचीच चूक होती.

त्याने खिळा तोंडातून काढला. "बोहनीचं माहीत होतं मला," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"संध्याकाळचा फोन माझ्याकडेच असतो ना. काकीला, आत्येला मीच उत्तरं दिली. बुधवारीच."

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. "मग गुरुवारी बोलला का नाहीस? काटा दाखवेल तेच लिहायचं म्हणणारा तू."

त्याने खिळा पुन्हा लाकडावर धरला, पण ठोकला नाही. "मी विचारलं ना तुला, नक्की का म्हणून. तू नक्की म्हणालीस." मग खिळा खाली ठेवून, "मला वाटलं, तुला ठाऊक असेल, ती माणसं वजा करूनही नक्की असेल. आणि मला तेवढंच ऐकायचं होतं गो, ताई."

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं, आणि बसले. ज्या दोन माणसांनी आकडा तपासायचा, त्या दोघांनाही तो आकडा हवा होता. भावजय आतून चहा घेऊन आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून परत गेली. समोर समुद्र होता, फोटोतल्यासारखाच.

त्याने एजंटला फोन केला. ती सहा महिन्यांची बोट गेली होती. महिन्याभराने दुसरी होती, जुनी, नवख्या चीफची, नऊ महिन्यांची. त्याने हो म्हटलं. सहाचे नऊ झाले ते माझ्यामुळे, त्या एका गुरुवारमुळे. तो असं कधी म्हणाला नाही. भावजयही नाही. म्हणाले असते तर मी भांडून मोकळी झाले असते.

जायच्या दिवशी त्याने फ्रीजवरचा कागद काढायला नको म्हणून सांगितलं. "पुढचा लिहिशील तेव्हा त्याच्यावर लाव," म्हणाला.

पुढचा लिहिला. फोटो दोन्हीकडे ताटाचाच ठेवला, कारण कुठलाही चालत होता आणि भावजयीला ते आवडतं. या वेळी बदल मजकुराच्या पहिल्या ओळीत, एकात खोलीबद्दल, एकात जेवणाबद्दल. आठ हजार, चौदा दिवस, एकच उघडायची संध्याकाळ. आणि चौकशा टिपायच्या वहीत एक नवीन रकाना आखला, आधीच. आपली माणसं. त्यात दिसेल तो दोन्हीकडून वजा. वाडीच्या ग्रुपला भावजयीने सांगितलं की बोहनी झाली, आता फक्त आशीर्वाद द्या. मी कंटाळले आहे, पण हे करते. अशा चाचण्यांतून थोडं थोडं वाढत गेलं तर नऊ महिन्यांनी तो येईल तेव्हा काहीतरी खरं सांगता येईल, एवढ्यासाठी.

परवा, नवव्या दिवशी, चौकशांचा फोन माझ्याकडे होता. भावजय देवरुखला माहेरी गेली होती. दुपारी संदेश आला. डोक्यावर ताटाचा फोटो, खाली आपोआप येणारं तेच वाक्य. "नमस्कार, खोली मिळेल का?" नंबर सेव्ह केलेला होता. बोट कुठल्याशा बंदराला लागली असावी, रेंज आली असावी, आणि भावजयीने पाठवलेली जाहिरात त्याने उघडली असावी.

मी बराच वेळ ते वाक्य बघत बसले. मग मिळेल, कधीही ये, असं उत्तर लिहिलं.

आणि वही उघडून त्याची चौकशी आपल्या माणसांच्या रकान्यात टाकली. मोजली नाही.